‘सुधारित खाते क्रमांक’ आमच्याच मेलवरून गेला

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. साताऱ्याच्या एका कारखान्याला पार्ट देतो, पैसे साठ दिवसांनी. तेवढे दिवस थांबणं परवडेना म्हणून मागच्या वर्षी एका फायनान्स कंपनीकडं बिलं डिस्काउंट करायला लागलो. बिल त्यांच्या नावानं लिहून द्यायचं, ते ऐंशी टक्के लगेच देतात, आणि साताऱ्याच्या कारखान्यानं पैसे मला न देता थेट त्यांना द्यायचे.

फसलो ते 7,36,320 रुपयांच्या बिलावर. आम्हाला 5,89,056 रुपये मिळाले. कारखान्याला नोटीस पाठवायचं काम माझं होतं आणि ते मी दोन ओळींच्या मेलवर उरकलं: यापुढं पैसे या खात्यावर टाका. बिल नंबर नाही, सही नाही, फायनान्सवाल्यांचं पत्र सोबत नाही.

चार दिवसांनी माझ्याच मेलवरून कारखान्याला दुसरा मेल गेला. ‘आधीच्या पत्रात खाते क्रमांक चुकला, सुधारित क्रमांक खाली. हे वसुलीचं वेगळं खातं असल्यानं नाव निराळं दिसेल.’ तो मी लिहिलाच नव्हता. माझा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला होता आणि मेलच्या सेटिंगमध्ये एक फिल्टर बसवला होता. कारखान्याकडून येणारं उत्तर इनबॉक्समध्ये न दिसता परस्पर आर्काइव्हला जायचं. त्यांच्या अकाउंटंटनी ‘नक्की ना?’ विचारलं होतं. ‘हो, नक्की’ असं उत्तर चोरानंच दिलं.

आरटीजीएस करताना बँकेनं खातेदाराचं नाव दाखवलं, ते कुठल्याशा ट्रेडर्सचं. अकाउंटंट थबकले, पण मेलमध्ये आधीच लिहिलं होतं की नाव निराळं दिसेल. मला या ओळीचा राग अजून येतो, कारण नाव पाहून जी शंका यायला हवी होती, तिची सोय चोरानं आधीच लावून ठेवली होती.

मुदत उलटून सहा दिवसांनी फायनान्सवाल्यांचा फोन आला, “पैसे आले नाहीत.” कारखाना म्हणे दिले. आमचा करार ‘विथ रिकोर्स’ होता, म्हणजे गिऱ्हाइकानं दिले नाहीत तर आगाऊ रक्कम मीच परत करायची. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण उशीर झाला होता. त्या खात्यात 61 हजारच उरले होते. ते गोठवलेत, अजून हाती आलेले नाहीत.

तोटा कुणाचा, हेही लगेच ठरेना. बिलं अशी लिहून देण्याच्या, म्हणजे फॅक्टरिंगच्या 2011 च्या कायद्यानं, रीतसर नोटीस मिळाल्यावर गिऱ्हाइकानं फायनान्सवाल्याला पैसे दिले की त्याचं देणं फिटतं. भलत्यालाच दिले तर फिटत नाही. पण मेल माझ्या खात्यावरून गेलेला आणि माझी मूळ नोटीसही लंगडी. शेवटी निम्मं निम्मं सोसलं.

आता नोटीस लेटरहेडवर असते. त्यात प्रत्येक बिलाचा नंबर, तारीख आणि रक्कम, हे बिल कुणाच्या नावे केलं आणि खातं कुठलं, एवढं लिहितो. खाली माझी आणि फायनान्सवाल्यांची सही. ती प्रत्यक्ष साताऱ्याला नेऊन पोचेचा शिक्का घेतो. त्यातच लिहितो की खातं बदललं तर अशीच दोन सह्यांची नोटीस येईल, मेलवर कधीच नाही.

पैसे देणाऱ्यानं काय बघावं, हे त्या अकाउंटंटसोबतच ठरवलं. ते मला माझ्या जुन्या नंबरवर फोन करतात, नोटिशीतल्या नंबरवर नव्हे. फायनान्स कंपनी आरबीआयच्या नोंदणीकृत यादीत आहे का बघतात आणि कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा नंबर लावून तिथंही विचारतात. सरसाई म्हणून तारण आणि लिहून दिलेल्या येण्यांची केंद्रीय नोंदणी आहे, तिच्या नोंदवहीत बिल लिहून दिल्याची नोंद सापडू शकते, तीही शोधतात. मात्र नवीन व्यवहाराची नोंद लगेच दिसेलच असं नाही, आणि नोंद दिसली तरी खाते क्रमांक खरा आहे हे त्यातून कळत नाही.

खात्यासाठी ते आधी सतरा-अठरा रुपयांसारखी आडनिडी रक्कम पाठवतात आणि फायनान्सवाल्यांना फोनवर विचारतात, किती आले? रक्कम आपण सांगायची नाही, त्यांनी सांगायची. नुसते पैसे ‘जमा’ झाले म्हणजे खातं खरं, असं नाही. चोराच्या खात्यातही ते जमा होतातच.

एक जागा अजून राहते. पुढं मी फायनान्सवाल्यांशी हिशेब मिटवला आणि ‘आता पैसे मलाच द्या’ म्हणालो, तर माझ्या शब्दावर देऊ नका. फायनान्सवाल्यांचं, बिल सोडल्याचं लेखी पत्र मागा, नाहीतर दुसऱ्यांदा पैसे द्यायची वेळ तुमच्यावर येईल.

गेल्या आठवड्यात नव्या नोटिशीवर त्याच अकाउंटंटचा फोन आला. मी लेथवर होतो, हात तेलानं माखलेले. म्हणाले, “साहेब, तुम्हीच बोलताय ना? मागच्या बिलात किती पीस परत आले होते सांगा.”

“अकरा,” म्हटलं.