आकृती हरवली: शब्द पाहून निवडावं की काढून पाहून?

दहावीच्या वर्तुळावरच्या जुन्या प्रश्नसंचातल्या आकृत्या झेरॉक्समध्ये गेल्या की उरलेले प्रश्न दोन प्रकारे निवडता येतात. पहिला प्रकार झटपट आहे: ‘सोबतच्या आकृतीत’ दिसलं की प्रश्न बाजूला. दुसऱ्यात वाक्यांवरून दोन वेगळ्या आकृत्या काढायच्या आणि उत्तर बदलतं का ते पाहायचं.

‘आकृतीत त्रिज्या 10 सेमी, जीवा AB 16 सेमी, केंद्रापासून जीवेचं अंतर काढा.’ पहिल्या रीतीने हा प्रश्न वाया जातो. पण जीवा कुठेही काढा, लंब तिला दुभागतो आणि 6, 8, 10 चा काटकोन त्रिकोण मिळतो. उत्तर 6 सेमीच.

उलट, ‘O केंद्र, ∠AOB = 80°, C वर्तुळावर; ∠ACB किती?’ यात ‘आकृती’ हा शब्दच नाही, म्हणून पहिल्या रीतीत तो तसाच निवडला जातो. C विशालकंसावर घेतला तर 40°, लघुकंसावर घेतला तर 140°! हरवलेली आकृती इथेच हवी होती.

मी दुसरीच रीत वापरते. वेळ जास्त लागतो, आणि एकच आकृती काढून थांबलं तर तीही फसवते, कारण हात सवयीने C वरच्या बाजूला, विशालकंसावरच काढतो. उत्तरसूचीत 40° असेल तर ‘C विशालकंसावर’ एवढं लिहून प्रश्न वाचवता येतो.