नोटीस ट्रॅकर, वर्षभराच्या वापरानंतर: बाकी सगळं चालेल, पण मुदत चुकीच्या दिवसापासून मोजतो

कंपनीला येणाऱ्या कायदेशीर नोटिसांची नोंद ठेवायला आम्ही वार्षिक वर्गणीचा एक तयार ट्रॅकर घेतला. नोटीस कोणाची, किती रकमेची मागणी, उत्तर कधीपर्यंत, जबाबदारी कोणाकडे, हे रकाने सगळ्यांच्या ओळखीचे आहेत, त्यामुळे त्यांचं वर्णन करत नाही. स्कॅन जोडता येतो, शोध चांगला चालतो, आणि एकाच पुरवठादाराच्या जुन्या नोटिसा एका जागी दिसतात. पहिले काही महिने मी त्याची शिफारसच करत होतो. गेल्या तिमाहीत एका डिमांड नोटिशीने माझं मत बदललं.

नोटीस एका पुरवठादाराची होती. मागणी ₹1,12,00,000, नादारी व दिवाळखोरी संहितेच्या कलम 8 खाली, फॉर्म 3 मध्ये. नोटिशीवर 3 तारीख होती. 6 तारखेला ती आमच्या पूर्णवेळ संचालकांच्या ईमेलवर आली, 9 तारखेला तिचीच प्रत स्पीड पोस्टाने रजिस्टर्ड ऑफिसला पोचली आणि आवक शिक्का बसला. कागद फिरत फिरत आमच्या टेबलावर आला 14 तारखेला, आणि त्याच दिवशी नोंद झाली. ट्रॅकरने उत्तराची मुदत दाखवली 29 तारीख, तीही हिरव्या रंगात.

ती तारीख आली कुठून? ट्रॅकर नोंद केल्याच्या दिवसापासून 15 दिवस मोजतो. वकिलांच्या साध्या नोटिशीत बहुतेक वेळा 15 दिवस लिहिलेले असतात, म्हणून तोच आकडा आधीपासून भरून ठेवलेला. पण कलम 8 मध्ये मुदत 10 दिवसांची आहे, आणि ती नोटीस मिळाल्यापासून धावते. संचालकांना ईमेलने पाठवलेली डिमांड नोटीस नियमांनुसार पोचलेली धरली जाते, त्यामुळे 9 तारीख धरणंही धोक्याचं होतं. 6 तारखेला मिळाली, तो दिवस सोडून मोजायला लागलं की दहावा दिवस 16 तारखेला येतो. म्हणजे कागद टेबलावर आला तेव्हा हातात दोन दिवस होते आणि पडद्यावर पंधरा दिसत होते.

या मुदतीत नुसतं ‘उत्तर’ देऊन भागत नाही. एक तर पैसे द्यायचे, नाहीतर वाद आहे हे दाखवायचं, आणि तो वाद नोटीस मिळण्याआधीचा असावा लागतो. 2017 च्या मोबिलॉक्स निकालापासून हे पक्कं झालं आहे. तसं काही समोरच्याला मिळालं नाही तर दहा दिवसांनंतर कलम 9 खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अर्ज करायला तो मोकळा. आमचा वाद खरा होता. मालाच्या दोन लॉटबद्दलच्या तक्रारीच्या मेल्स कित्येक महिने आधीच्या होत्या, पण त्या खरेदी विभागाकडे. आमच्या वकिलांनी नोटीस वाचताच विचारलं, “पहिल्यांदा मिळाली कधी ते सांगा, ट्रॅकरमधली तारीख नको.” उत्तर मेल्सच्या प्रतींसह 16 तारखेला गेलं. ते ट्रॅकरमुळे गेलं नाही, त्या प्रश्नामुळे गेलं.

मग सपोर्टशी भांडण सुरू झालं. त्यांचं म्हणणं, मुदतीचा रकाना हाताने बदलता येतो. बदलता येतो, हे खरं. पण त्याच नोंदीत नंतर काहीही दुरुस्त केलं, अगदी वकिलांचा फोन नंबर जरी घातला, तरी सेव्ह करताना तारीख पुन्हा मूळच्या हिशेबाने बसते, आणि कुठलीही सूचना येत नाही. हे दाखवल्यावर उत्तर आलं की तारखांचे स्वतंत्र रकाने वरच्या दर्जाच्या वर्गणीत मिळतात. नोटीस मिळाल्याची तारीख ही या कामातली सर्वांत मूलभूत गोष्ट आहे. तिच्यासाठी जादा पैसे मागणं मला अजिबात पटलेलं नाही.

तुमच्याकडे हाच दोष आहे का, हे ओळखणं सोपं आहे. सगळ्या नोंदी शीटमध्ये उतरवून घ्या आणि मुदतीतून नोंदीची तारीख वजा करा. प्रत्येक ओळीत तोच आकडा आला, तर तुमच्या मुदती कायद्याने ठरवलेल्या नाहीत, सॉफ्टवेअरने ठरवल्या आहेत. आमच्याकडे जवळपास सगळीकडे 15 आला.

आता मी उतरवलेल्या शीटमध्येच मुदत काढतो. E मध्ये ईमेल मिळाल्याची तारीख, F मध्ये टपाल मिळाल्याची, G मध्ये त्या प्रकारच्या नोटिशीचे दिवस:

```
=IF(COUNT(E2:F2)=0,"",MIN(E2:F2)+G2)
```

दोन्हींपैकी आधीची तारीख घेतली जाते, आणि दोन्ही रिकाम्या असतील तर खोटी मुदत दिसत नाही. G मधला आकडा मात्र माणसानेच नोटीस वाचून भरायचा. कलम 8 ला 10. चेक परत गेल्याच्या कलम 138 च्या नोटिशीला 15. लवाद नेमण्याच्या मागणीला बहुधा 30, पण आधी करारातलं कलम बघून. साध्या वकिली नोटिशीत पाठवणाऱ्याने जे दिवस लिहिलेत ते.

यातल्या 138 साठी तर ‘उत्तराची मुदत’ हे शीर्षकच घातक आहे. ते 15 दिवस पैसे भरण्यासाठी आहेत. कितीही चांगलं उत्तर वेळेत पाठवलं आणि रक्कम दिली नाही, तर पुढच्या एका महिन्यात फौजदारी तक्रार दाखल होऊ शकते. म्हणून मी ‘मुदतीत काय करायचं’ असा रकाना शेजारी जोडला आहे. त्यात ‘उत्तर’, ‘पैसे’ किंवा ‘लवादाचं नाव’ यांपैकी एक लिहायचं.

रकमेच्या रकान्याबद्दल थोडंच सांगतो. मुद्दल आणि व्याज वेगळं ठेवा. एकाच थकबाकीसाठी चेकची नोटीस आणि डिमांड नोटीस अशा दोन्ही आल्या असतील तर ओळी दोन ठेवा, पण बेरजेत रक्कम एकदाच धरा. नाहीतर वर्षअखेरीला संभाव्य देण्यांचा आकडा फुगतो आणि ऑडिटर नेमकं तेच विचारतात.

एका बाबतीत मात्र माझी तक्रार मी मागे घेतली आहे. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात एकच नाव बसतं. सुरुवातीला मला ते फार खटकायचं, कारण माहिती खरेदी विभागाकडे असते आणि उत्तर आम्ही पाठवतो. म्हणून दोन नावं हवीत असं मी सपोर्टला लिहिलंही होतं. या नोटिशीच्या वेळी ते एकच नाव उपयोगी पडलं. कागदपत्रं खरेदीवाल्यांकडून यायची होती, पण 16 तारखेला उत्तर गेलं की नाही याचा जाब एकाच माणसाला द्यायचा होता, म्हणून त्याने दुपारपर्यंत वाट न बघता स्वतः जाऊन मेल्स काढून घेतल्या. दोन नावं असती तर दोघांनीही दुसऱ्याची वाट पाहिली असती. आता माहिती कोणाकडे आहे ते मी शेऱ्यात लिहितो आणि जबाबदारीचं नाव एकच ठेवतो.

वर्गणीचं नूतनीकरण मी रोखून धरलं आहे. मिळाल्याच्या तारखेचा रकाना मूळ किमतीत आला आणि हाताने घातलेली मुदत जागेवर राहिली, तर पैसे भरू. नाही आला तर स्कॅन आणि शोध यांसाठी साधं सामाईक फोल्डर पुरेल, आणि मुदत तशीही शीटमध्येच निघते आहे.