फोनच्या लायडारने खोली स्कॅन करून प्लॅन काढणे: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी पुण्यात इंटिरियरची कामं करते, बहुतेक जुन्या सोसायट्यांमधली. म्हणजे बिल्डरचा प्लॅन हरवलेला, किंवा असला तरी प्रत्यक्षाशी न जुळणारा. आठ महिन्यांपूर्वी लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारा सेन्सर, असलेला फोन घेतला. स्कॅनिंगचं एक ॲप आणि स्कॅनमधून येणारा ठिपक्यांचा ढग, म्हणजे क्लाउड, हाताळणारं मोफत CloudCompare यांच्या जोरावर 'ॲज-बिल्ट', म्हणजे प्रत्यक्षात जसं बांधलंय तसा, प्लॅन काढायला सुरुवात केली. आतापर्यंत तीसेक खोल्या झाल्या असतील. ॲपचं नाव मुद्दाम देत नाही. PLY किंवा E57 फाइल बाहेर काढू देणारं कुठलंही चालेल, पुढची पद्धत तीच राहते.

आधी माझा गैरसमज सांगते. मला वाटायचं, स्कॅन म्हणजे माप. खोलीत फिरलो की माप आलं, टेप धरायला दुसरा माणूस नको. पहिल्याच खोलीत लेझर मीटरने ४.२७ मीटर आलेली भिंत स्कॅनमध्ये ४.३१ होती. चार सेंटिमीटर! ज्या जागी भिंत ते भिंत कपाट बसवायचंय तिथे असला आकडा उपयोगाचा नाही. तेव्हा फोन परत करायच्या विचारात होते. केला नाही, त्याचं कारण खाली सांगते त्या हॉलमध्ये सापडलं.

तो हॉल

सत्तरच्या दशकातली इमारत, दुसरा मजला, 'दहा बाय चौदाचा हॉल आहे' असं काकूंनी फोनवर सांगितलेलं. उत्तरेकडच्या भिंतीला पूर्ण रुंदीचं कपाट करायचं होतं. पण त्याच भिंतीला जुनं लोखंडी कपाट, शेजारी दिवाण, दिवाणावर गाद्यांचा ढीग. टेप लावायला जागा नाही. मिस्त्रींनी मोकळ्या असलेल्या खिडकीच्या भिंतीचं माप घेतलं, १० फूट अर्धा इंच, आणि म्हणाले, "मॅडम, समोरासमोरच्या भिंती, तेवढीच असणार." मी प्लाय कापायला दोन दिवस थांबायला सांगितलं आणि हॉल स्कॅन केला.

स्कॅन करायला चारेक मिनिटं लागतात. फोनच्या लायडारचा पल्ला साधारण पाच मीटर, त्यामुळे भिंतीपासून दीड-दोन मीटरवरून, सावकाश, पंखा बंद करून फिरायचं. जिथून सुरुवात केली त्याच कोपऱ्यात येऊन संपवायचं. पडदे बाजूला. आरसा असेल तर चादर टाकायची, नाहीतर आरशामागे एक आख्खी खोटी खोली तयार होते. ड्रेसिंग टेबलच्या आरशामुळे मला एकदा शेजाऱ्यांच्या घरात घुसलेली बेडरूम मिळाली होती. काळ्या चकचकीत टीव्हीच्या जागी भोक पडतं, त्याचं काही बिघडत नाही.

फाइल CloudCompare मध्ये उघडली की खोली बहुधा कुशीवर पडलेली दिसते. फोनवाल्यांच्या जगात उंचीचा अक्ष Y असतो, आपल्याला Z हवा. `Edit > Apply transformation` मध्ये हे टाकायचं:

```
1 0  0 0
0 0 -1 0
0 1  0 0
0 0  0 1
```

खोली उभी राहते. मग फरशीचा तुकडा निवडून तिची उंची शून्यावर आणायची, म्हणजे पुढे 'एक मीटर वीस' म्हटल्यावर ते खरंच फरशीपासून असतं.

काप कुठे घ्यायचा

प्लॅन म्हणजे खोलीचा आडवा काप. पुस्तकी उंची १.२ मीटर, चार फूट. त्या उंचीवर खिडक्या-दारं नीट कापली जातात. पण आपल्या घरांत चार फुटांवर कपाट, शोकेस, फ्रिज सगळं आडवं येतं आणि भिंत दिसतच नाही. वर जावं, तर दारा-खिडक्यांवरचा लिंटल सात फुटांवर असतो आणि त्याच्या वर माळा सुरू होतो. त्यामुळे मी दोन काप घेते. एक १.१५ ते १.२५ मीटरचा, दारं-खिडक्यांसाठी. दुसरा लिंटलच्या वर, २.२५ ते २.३५ च्या आसपास, निव्वळ भिंतींसाठी. माळा असलेल्या बाजूला तो दुसरा काप १.९ वर आणते. `Tools > Segmentation > Cross Section` मधल्या चौकटीची उंची ओढून हे होतं.

त्या हॉलमध्ये माळा नव्हता आणि लोखंडी कपाट साडेसहा फुटांचं. त्यामुळे वरच्या कापात उत्तरेची भिंत सलग मिळाली, जी टेपला दिसत नव्हती.

आता खरी गोष्ट. कापात भिंत ही रेघ नसते, दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा ठिपक्यांचा पट्टा असतो. आणि कोपरा कोपरा नसतोच, गोल झालेला असतो, जणू कुणी पीओपीने गोलाई दिली आहे. सुरुवातीला मी कॅडमध्ये हा पट्टा आतल्या कडेने ट्रेस करायचे आणि कोपऱ्यात जिथे ठिपके वळतात तिथे क्लिक करायचे. प्रत्येक खोली त्यामुळे तीन-चार सेंटिमीटर लहान यायची आणि कारण कळायचं नाही.

उपाय साधा आहे. कोपरे ट्रेस करायचे नाहीत. प्रत्येक भिंतीचा मधला स्वच्छ भाग, कोपऱ्यापासून वीसेक सेंटिमीटर सोडून, निवडायचा आणि `Tools > Fit > Plane` चालवायचं. हजारो ठिपक्यांची सरासरी निघते, त्यामुळे एकेक ठिपका सेंटिमीटरभर चुकला तरी पूर्ण प्रतलाची दिशा चांगली येते. खाली कन्सोलमध्ये RMS दिसतो, म्हणजे ठिपके त्या प्रतलापासून सरासरी किती लांब आहेत. माझ्याकडे तो ८-१० मिलिमीटर आला की मी खूश. २५ आला तर त्या निवडीत पडदा, कॅलेंडर किंवा दुसरी भिंत घुसली आहे असं समजायचं. मग या भिंतींच्या रेघा वाढवून जिथे छेदतात तोच कोपरा. दिवाणामागे लपलेला कोपरासुद्धा असाच मिळतो, त्याला पाहावं लागत नाही.

त्याच कन्सोलमध्ये प्रतलाचा नॉर्मल, म्हणजे त्याला काटकोनात असलेली दिशा, येतो, तीन आकडे. उभ्या भिंतीसाठी तिसरा, Z चा, शून्याजवळ हवा. पश्चिमेच्या भिंतीला तो ०.००५ होता, म्हणजे मीटरला पाच मिलिमीटर कलंडलेली, ९ फुटांत जवळजवळ अर्धा इंच. ओळंबा लावून पाहिला, तेवढीच निघाली.

आकडे

स्कॅनवरून निघालेला आकार असा: खिडकीची भिंत ३.०९, उत्तरेची ३.०५, बाजूच्या दोन्ही ४.३१. म्हणजे हॉल चौकोनी नाही, पूर्वेची भिंत खिडकीकडे बाहेर सरकत जाते. आकडे मोठे आलेत हे मला पहिल्या अनुभवावरून माहीत होतं. पण माझ्या फोनचा हा दोष एका खोलीत सगळीकडे साधारण सारख्याच प्रमाणात येतो, एक टक्क्याच्या आसपास. आकार बरोबर, माप फुगलेलं.

म्हणून लेझर मीटर काढला आणि फक्त जिथे वाट मोकळी होती तिथली मापं घेतली. खिडकीची भिंत ३०६२ मिलिमीटर, बाजूची ४२७०. कर्ण दोन: एक ५२५४, दुसरा ५२२९. दोन्ही कर्ण छताजवळ, फर्निचरच्या वरून मारले. काटकोनी हॉलचे कर्ण सारखे असतात, इथे २५ मिलिमीटरचा फरक. हे आकडे कॅडमध्ये बसवल्यावर उत्तरेची भिंत ३०१८ आली. खिडकीच्या भिंतीपेक्षा ४४ मिलिमीटर कमी, मिस्त्रींच्या भाषेत पावणेदोन इंच.

त्यांच्या मापाने प्लाय कापला असता तर कपाट आत गेलंच नसतं. शिवाय कपाट दोन फूट खोल, तेवढ्यात भिंत आणखी ६ मिलिमीटर फाकते: मागे ३०१८, पुढे ३०२४. ती दोन सुतं फिलर पट्टीत लपवली. भिंत रिकामी केल्यावर मिस्त्रींनी स्वतः टेप लावला, माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. पुढच्या साइटवर मात्र विचारलं, "मॅडम, फोन फिरवला का?"

जिथे अजून डोकं दुखतं

एक खोली ठीक. हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून बेडरूम असं एका दमात चाललं की फोन वाट चुकत जातो. परत हॉलमध्ये आल्यावर तीच भिंत दुसऱ्यांदा, पाच-सहा सेंटिमीटर सरकून उमटते. कापात दोन समांतर रेघा दिसल्या की समजायचं. नवशिक्याला ती भिंतीची जाडी वाटते, मलाही वाटली होती, आणि मी चांगल्या साडेचार इंची भिंतीला दोन इंची करून टाकलं होतं. स्कॅन पृष्ठभागाचाच असतो, भिंतीच्या आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही. आता प्रत्येक खोली वेगळी स्कॅन करते आणि भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी टेपने घेते. विटांची साडेचार इंची भिंत दोन्हीकडच्या प्लास्टरसकट १४०-१५० मिलिमीटर भरते, नऊ इंची २५५-२६० च्या घरात. त्याच्या बाहेरचा आकडा आला तर आधी स्वतःवर संशय घ्यायचा.

स्कर्टिंगही विसरू नका. १.२ मीटरच्या कापात ती नसते. एका किचनमध्ये खालचे बॉक्स दोन्ही बाजूंनी स्कर्टिंगला अडले, तेव्हापासून फरशीपासून पाच सेंटिमीटरवर तिसरा छोटा काप घेते. बीमसाठी छताजवळून चौथा, तो प्लॅनवर तुटक रेघेने दाखवते.

शेवटी काप `Edit > Subsample` ने एक सेंटिमीटरवर विरळ करून DXF म्हणून सेव्ह करते. कुठल्याही कॅडमध्ये ठिपके उघडतात. क्लाउड मीटरमध्ये असतो, ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, म्हणून १००० ने स्केल. ही पायरी एकदा विसरले आणि रिकाम्या स्क्रीनवर अर्धा तास ठिपके शोधत बसले. ते होते, तीन मिलिमीटरच्या हॉलमध्ये.

एका बंगल्यासाठी ट्रायपॉडवरचा मोठा स्कॅनर भाड्याने मागवला होता. त्यात पट्टा नाही, अक्षरशः रेघ येते, कोपरे तीक्ष्ण. पण कपाटामागचं त्यालाही दिसत नाही आणि आरसा त्यालाही फसवतो. घराच्या एका खोलीसाठी तो खर्च मी ग्राहकाला सांगणार नाही. जिना, वाकडी गॅलरी, तिरकं छप्पर असेल तर सांगेन.

वेळेचं म्हणाल तर एका खोलीला स्कॅन, पाच-सहा लेझर मापं आणि ड्रॉइंग धरून आता दीड तास लागतो. आधी टेपने साइटवर पाऊण तास, घरी एक तास, आणि 'खिडकीची सिल किती उंच होती?' म्हणून दुसरी फेरी. ती दुसरी फेरी आता होत नाही. गेल्या महिन्यात ग्राहकाने प्लॅन मंजूर झाल्यावर विचारलं की एसीचा पॉइंट बीमपासून किती खाली आहे. घरी बसल्या जागी क्लाउड उघडून सांगितलं, पंधरा सेंटिमीटर, एखादा इकडे-तिकडे.