स्टार्टअप व्हिसा: यूके, आयर्लंड की नेदरलँड्स? आधी बघा तुमचा प्लॅन कोण वाचणार

स्टार्टअप व्हिसाचा विचार करणारा माणूस पहिला प्रश्न हमखास एकच विचारतो, अकाउंटला किती दाखवावे लागतात? मला वाटतं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की तुमचा प्लॅन वाचणार कोण, कारण वाचणारा बदलला की तो पैशाबद्दल काय विचारणार तेही बदलतं. यूके, आयर्लंड आणि नेदरलँड्स या तिघांत हा फरक इतका ठळक आहे की तोच प्लॅन आणि तीच रक्कम घेऊन एकीकडे तुम्ही सहज बसता आणि दुसरीकडे दारातच अडकता.

यूकेचा इनोव्हेटर फाउंडर व्हिसा एप्रिल २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या इनोव्हेटर व्हिसाला सहसा ५०,००० पाउंड दाखवावे लागायचे, ती अट गेली. हे ऐकून बरेच जण खूश होतात, पण अट गेली म्हणजे पैशाचा प्रश्न गेला असं अजिबात नाही. आधी तुम्हाला सरकारने मान्यता दिलेल्या एन्डॉर्सिंग बॉडीकडे जावं लागतं, ते लोक प्लॅन वाचतात, तुमच्याशी बोलतात आणि पटलं तरच पत्र देतात. या तपासणीचे १,००० पाउंड, शिवाय व्हिसा मिळाल्यावर निदान दोन आढावा बैठका, १२ आणि २४ महिन्यांच्या सुमारास, प्रत्येकीचे ५०० पाउंड. आयडिया नवी आहे का, धंदा चालेल का आणि वाढेल का, या तीन गोष्टी ते बघतात. यातल्या ‘चालेल का’ मध्येच पैसा येतो: तुमच्या हातात जे आहे त्यात हा प्लॅन खरंच जमणार आहे का? म्हणजे ३०,००० मध्ये जमणारा धंदा असेल तर ३०,००० पुरे, आणि दोन लाख लागणारा असेल तर ५०,००० दाखवूनही पत्र मिळणार नाही. आकडा तुम्हीच ठरवायचा आणि तुम्हीच सिद्ध करायचा, जे मला तरी जास्त अवघड वाटतं.

आयर्लंडच्या स्टार्टअप आंत्रप्रनर प्रोग्राममध्ये, ज्याला सगळे स्टेप म्हणतात, रेघ स्पष्ट आहे. पहिल्या फाउंडरला ५०,००० युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०,०००. पैसे स्वतःचे चालतात, बिझनेस लोन, एंजल किंवा व्हेंचर कॅपिटलचे चालतात, आयरिश सरकारी संस्थेचं अनुदानही चालतं. अर्ज एक मूल्यांकन समिती वाचते आणि तिथे कस लागतो तो धंद्याच्या झेपेचा, कारण तीन-चार वर्षांत १० नोकऱ्या आणि १० लाख युरोची विक्री होऊ शकेल अशी क्षमता प्लॅनमध्ये दिसावी लागते, माल किंवा सेवा देशाबाहेर विकता यायला हवी आणि कंपनीचं मुख्यालय व नियंत्रण आयर्लंडमध्ये हवं. दुकान, केटरिंग, सलूनसारख्या सेवा यासाठी ही योजनाच नाही, त्यामुळे चांगलं चालणारं हॉटेल काढायची आयडिया असेल तर इथे वेळ घालवू नका.

नेदरलँड्सची गंमत वेगळी. तिथे २०१५ पासून एक वर्षाचा परवाना मिळतो आणि त्यासाठी फॅसिलिटेटर लागतो, म्हणजे स्टार्टअपना मार्गदर्शन करणारी अनुभवी संस्था किंवा व्यक्ती, जी आरव्हीओ या सरकारी संस्थेच्या यादीत असते. तिच्याशी सही केलेला करार हवा, तिच्याकडे तुमच्या कंपनीचा बहुमताचा हिस्सा नको आणि ती तुमच्या जवळच्या नात्यातली नको. कागद म्हणून लागतो तो टप्प्याटप्प्याचा प्लॅन: आयडियापासून कंपनीपर्यंत वर्षभरात काय काय करणार, कोण काय सांभाळणार, नवं नेमकं काय आहे. धंद्याच्या भांडवलाचा ठरावीक आकडा नाही. राहण्या-खाण्यापुरते पैसे तुमच्याकडे आहेत किंवा कोणी देणार आहे हे मात्र दाखवावं लागतं, आणि त्याची रक्कम सरकार वेळोवेळी बदलतं म्हणून अर्जाच्या दिवशीची बघायची.

आता एक खरी फाइल सांगते, माझ्या ओळखीतल्या एका मुलीची, तिने अर्जाआधी मला वाचायला दिली होती. लस आणि औषधं नेणाऱ्या थंड पेट्यांमध्ये बसवायचं सेन्सर आणि त्याचं सॉफ्टवेअर, कंप्रेसर बिघडायच्या आधीच इशारा देणारं. आयडिया दमदार होती, हातात ६०,००० युरो होते आणि डोळ्यासमोर आयर्लंड होतं. ५०,००० ची रेघ तर पार झाली होती, म्हणून ती निवांत होती. मी एक्सेल उघडलं आणि पहिल्या वर्षाचं कॅशफ्लो बघितलं.

खर्च असा होता: पहिले सहा महिने दरमहा ५,०००, मग दुसरा माणूस घेतल्यावर दरमहा ७,५००, म्हणजे वर्षाचे ७५,०००. ग्राहक महिन्याला ५०० देणार. तिने तिसऱ्या महिन्यापासून चार ग्राहक धरले होते आणि पुढे दर महिन्याला दोन वाढवले होते, म्हणजे वर्षाची विक्री ६५,०००. कागदावर फक्त १०,००० ची तूट आणि ५०,००० शिल्लक, छान वाटतं ना. पण मी विचारलं, अगं ज्या कंपन्या औषधं नेतात त्या नवं यंत्र पेटीत बसवायच्या आधी किती दिवस तपासतात? तर म्हणाली निदान चार-पाच महिने, तेही फुकट. मग तिसऱ्या महिन्याला पैसे कोण देणार?

आम्ही आठव्या महिन्यापासून दोन ग्राहक आणि पुढे दर महिन्याला दोन असं धरलं. विक्री ६५,००० वरून १५,००० वर आली, तूट झाली ६०,००० आणि वर्षअखेरीला अकाउंट बरोब्बर शून्य. मग अजून दोन महिने उशीर धरला, पहिले पैसे दहाव्या महिन्याला. नवव्या महिन्याअखेर ५२,५०० गेलेले, दहाव्याअखेर ५९,०००, आणि अकराव्या महिन्यात पगार द्यायला पैसेच नाहीत. वाचणारा माणूस मुरलेला असेल तर तो हेच करतो, विक्री दोन-तीन महिने पुढे ढकलतो आणि अकाउंट कुठल्या महिन्यात रिकामं होतं ते बघतो.

उपाय जास्त पैसे आणणं हाच नव्हता. दुसरा माणूस तिने दुसऱ्या वर्षात ढकलला, खर्च ६०,००० वर आला, आणि विक्री उशिरा सुरू होऊन फक्त ६,००० मिळाले तरी वर्षअखेर ६,००० शिल्लक राहतात. जोडीला फुकट चाचणीला तयार असलेल्या दोन कंपन्यांची पत्रं लावली, ज्यात किती पेट्या, किती आठवडे आणि चाचणी यशस्वी झाली तर काय दराने घेणार हे लिहिलं होतं. ‘आम्हाला तुमच्या प्रॉडक्टमध्ये रस आहे’ असं मोघम पत्र दहा जणांचं आणलं तरी त्याचं वजन नसतं.

पण त्या फाइलमध्ये अजून एक घोळ होता आणि तो मी इतक्या फाइलींमध्ये बघितलाय की कळकळीने सांगते. धंद्याचे ६०,००० आणि तिच्या राहण्याचे पैसे एकच होते. तिने स्वतःला पगार धरला नव्हता आणि भाडं, जेवण कशातून हे कुठेच नव्हतं. तिन्ही देश हे वेगळं बघतात. यूकेमध्ये तर याचा वेगळा हिशोब आहे, स्वतःसाठी १,२७० पाउंड सलग २८ दिवस अकाउंटला राहायला हवेत, आणि त्या २८ पैकी एका दिवशी जरी शिल्लक १,२६० झाली तरी अट मोडली, दुसऱ्या दिवशी परत पाच हजार भरले तरी उपयोग नाही. स्टेटमेंटचा शिल्लक रकमेचा कॉलम बोट ठेवून ओळीओळीने वाचा, सगळ्यात लहान आकडा शोधा. तिला शेवटी भावाने वर्षाच्या राहण्याचा खर्च वेगळा दिला, त्याच्या पत्रासकट आणि त्याच्या स्वतःच्या बँक स्टेटमेंटसकट.

त्या ६०,००० चा माग काढणं हे पुढचं काम. २२,००० बचत होती, ती पगाराच्या स्लिप आणि टॅक्स रिटर्नशी जुळली. ३८,००० मात्र अर्जाच्या तीन आठवडे आधी एकाच दिवशी जमा झालेले. फ्लॅटमधला तिचा हिस्सा विकला होता, पैसे अगदी स्वच्छ होते, पण स्टेटमेंट वाचणाऱ्याला ते कसं कळणार? त्याला दिसते ती फक्त एक मोठी एन्ट्री. म्हणून विक्रीचा करार, त्यात तिचं नाव आणि हिस्सा, घेणाऱ्याकडून आलेली रक्कम, त्यावरचा टॅक्स आणि मग ही एन्ट्री, अशी साखळी लावली. यूकेत तर पैसा कुठून आला याचं पटेल असं उत्तर नसेल तर एन्डॉर्सिंग बॉडीने पत्र द्यायचंच नाही असा नियम आहे. आणि घराचं किंवा शेअरचं व्हॅल्युएशन म्हणजे कॅश नव्हे, विकून हातात येईपर्यंत ते भांडवलात धरू नका.

मग कोणी कुठे जावं? तिच्यासाठी मी आयर्लंडच म्हटलं, कारण रक्कम रेघेच्या वर होती आणि थंड पेट्या सीमा ओलांडून जातातच, म्हणून निर्यातीची गोष्ट आपोआप खरी होती. परवानगी आधी दोन वर्षांची, मग तीन वर्षं वाढते. तुमच्याकडे ३०,००० च असतील पण आयडिया खरोखर तुमचीच असेल, त्या क्षेत्रातला अनुभव असेल आणि इंग्रजी बी-२ पातळीचं असेल तर यूके बघा. फक्त हे लक्षात घ्या की सध्याच्या नियमाने तीन वर्षांनी कायम राहायला सात निकषांपैकी दोन पूर्ण करावे लागतात आणि त्यात ५०,००० पाउंड धंद्यात गुंतवून खर्च केलेले असणं हा एक आहे, १० पूर्णवेळ नोकऱ्या हा दुसरा. आत येताना न विचारलेला आकडा तिथे परत भेटतो, म्हणून ज्या दोन निकषांवर डोळा आहे ते पहिल्या दिवसापासून प्लॅनमध्ये लिहा. मध्येच एन्डॉर्समेंट काढून घेतलं तर व्हिसा जाऊ शकतो हेही आहे.

आणि प्रॉडक्ट अजून कच्चं असेल, भांडवल कमी असेल, पण शिकवणारा माणूस मिळत असेल तर नेदरलँड्स. एक वर्ष म्हणजे फार थोडं असतं, कंपनी नोंदवणं, घर शोधणं यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि वर्षानंतर स्वयंरोजगाराच्या परवान्यावर जायला त्याच फॅसिलिटेटरचं पाठिंब्याचं पत्र लागतं. म्हणून करार करायच्या आधी त्याच्या हाताखालून गेलेल्या दोन-तीन फाउंडरना फोन करा आणि सरळ विचारा, वर्ष संपताना त्याने पत्र दिलं का आणि त्याबदल्यात किती फी किंवा शेअर मागितले.