आईच्या शुगरच्या नोंदीचा तक्ता: पाडव्यापासूनच्या वापरानंतर

दवाखान्यातून मिळालेला शुगरच्या नोंदीचा तक्ता आम्ही पाडव्यापासून आईसाठी वापरतोय. त्यावर आठवड्याचे सात दिवस, रोजचे सात रकाने, खाली टार्गेटच्या जागा आणि उजव्या बाजूला ‘फोन कधी करायचा’ अशी पट्टी आहे. असले तक्ते आता सगळ्यांच्याच घरी असतात, म्हणून बाकीचं सांगत बसत नाही. लिहायला बसलो ते आषाढीच्या रात्रीमुळे. त्या पट्टीतली एक ओळ त्या रात्री आमच्या फार कामी आली आणि तक्त्यातली एक उणीव त्याच रात्री फार नडली.

आधी छोट्या तक्रारी. कागद गुळगुळीत आर्ट पेपरचा आहे. त्यावर बॉलपेन नीट उठत नाही आणि जेल पेनची शाई आईच्या बोटाला लागून पसरते. मी पहिल्याच आठवड्यात साध्या कागदावर झेरॉक्स काढून आणल्या, तेव्हापासून हा त्रास नाही. दुसरी तक्रार खर्चाची. रोजचे सात रकाने बघून आई म्हणाली, “सात वेळा बोट टोचायचं? मग पट्ट्यांनाच पेन्शन लावावी लागंल.” शुगर तपासायची एक पट्टी पंधरा-वीस रुपयांना पडते, तिचं म्हणणं खोटं नाही. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, गोळ्यांवर असलेल्यांनी रोज सगळे रकाने भरायची गरज नसते. एका दिवशी नाश्त्याआधी आणि नाश्त्यानंतर, दोन दिवसांनी दुपारच्या जेवणाआधी आणि नंतर, पुढच्या वेळी रात्रीचं, अशा जोड्या फिरवायच्या. एकाच जेवणाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी शेजारी दिसला की त्या जेवणानं साखर किती चढवली ते कळतं. नुसती रोजची उपाशीपोटी शुगर लिहून ते कळत नाही. ‘नंतर’ म्हणजे पहिला घास घेतल्यापासून दोन तास, हात धुतल्यापासून नव्हे. हे तक्त्यावर छापलेलं आहे, त्याबद्दल पूर्ण मार्क.

टार्गेटच्या जागा मोकळ्या बघून सुरुवातीला मी वैतागलो होतो. आकडेच छापायचे नाहीत तर तक्ता कशाला, असं वाटलं. आता माझं मत उलट आहे. डॉक्टरांनी पेनानं आईच्या तक्त्यावर लिहिलं: जेवणाआधी 90 ते 150, झोपताना 100 ते 180. आमच्या शेजारच्या पंचेचाळिशीतल्या भाऊंना तोच तक्ता मिळालाय, त्यांना जेवणाआधी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत. आई चौऱ्याहत्तरची आहे, बीपी आहे, किडनी थोडी मंदावलेली आहे. या वयात साखर थोडी वर राहिलेली चालते, खाली गेली तर चक्कर येऊन पडायची भीती. भाऊंचे आकडे आईवर लादले असते तर ते गाठायच्या नादात तिची साखर खाली जायची भीती जास्त होती. तक्ता छापताना कुणीतरी हा विचार केला आणि जागा मोकळी सोडली.

आता ती पट्टी. तिच्यात वरच्या बाजूच्या आकड्यांसाठी लिहिलंय: 300 च्या वर आलं तर आधी हात साबणानं धुवा, कोरडे करा, पुन्हा तपासा. तेवढंच आलं आणि पुढच्या तपासणीतही तसंच राहिलं तर त्याच दिवशी फोन. सोबत उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर फोनची वाट न बघता दवाखाना. मीटरवर HI आलं तर तो बिघाड समजू नये, साखर मीटरच्या मापाबाहेर गेली आहे, बहुतेक मीटरवर म्हणजे 600 च्या वर. हात धुण्याचा मुद्दा मला फालतू वाटायचा. मग एका दुपारी 318 आलं. आई नातवंडांसाठी डाळिंब सोलून उठली होती, बोटांना रस होता. हात धुवून, दुसऱ्या बोटातून रक्त घेतलं तर 171. रक्ताच्या थेंबात फळाची साखर मिसळली की मीटर तीही मोजतं. कापसावर स्पिरिट घेऊन नुसतं पुसल्यानं ती नीट निघत नाही, पाणीच लागतं.

खालच्या बाजूला तीन ओळी आहेत. 70 च्या खाली: साखर घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. 54 च्या खाली किंवा मीटरवर LO: साखर द्या आणि लगेच फोन. तिसरी ओळ अशी: “इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर 70 च्या खाली गेलेली साखर वर आली तरी त्याच दिवशी फोन करा.”

आषाढी एकादशीला आईचा उपवास. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात, तिला उपवास सोड म्हणायची सोय नाही. सकाळी आठला तिनं नेहमीची ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतली, बिनसाखरेचा चहा घेतला. दुपारी एकच्या सुमाराला दोन-चार चमचे भगर. संध्याकाळी साडेपाचला हात थरथरायला लागले, कपाळावर घाम, बोलणं चिडचिडं. तपासलं तर 61. ती फ्रिजमधला पेढा मागत होती. तक्त्यावर स्पष्ट लिहिलंय की अशा वेळी पेढा, लाडू, चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. अर्धा पेला पाण्यात साखरेचे चार सपाट चहाचे चमचे विरघळवून दिले. पंधरा मिनिटांनी 74. मग साबुदाण्याची खिचडी आणि केळं. तासाभरानं 112.

आई म्हणाली, “आता बरं वाटतंय रे. फोन कशाला करतोस, डॉक्टरला काय उद्योग नाय का?” मलाही तसंच वाटलं असतं, पण ती तिसरी ओळ समोर होती. फोन केला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “गोळी किती वाजता, शेवटचं पोटभर जेवण किती वाजता, आणि 61 किती वाजता आलं?”

इथे तक्त्याची ती उणीव नडली. वेळेचा रकानाच नाही. सात खाने आहेत, नाश्त्याआधी-नंतर, दुपारी आधी-नंतर, रात्री आधी-नंतर आणि झोपताना. संध्याकाळी साडेपाचचं 61 कुठं लिहायचं? मी ते समासात पेन्सिलीनं वेळेसकट लिहिलं होतं म्हणून सांगता आलं. तक्ता करणाऱ्यांनी जेवणाभोवतीचे खाने काढले, पण साखर खाली जाते ती बऱ्याचदा दोन जेवणांच्या मधे, जेवण लांबलं किंवा चुकलं तेव्हा, नाहीतर रात्री झोपेत. म्हणजे ज्या आकड्याला फोन करा म्हणून सांगितलंय त्याच आकड्याला तक्त्यात घर नाही. शिवाय गोळी घेतली का, किती वाजता, याला साधी टिक करायची जागा नाही. मागच्या बाजूला दवाखान्याची इमारत रंगीत छापायला मात्र जागा आहे.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. ही गोळी माणूस जेवला का नाही ते बघत नाही, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतच राहते. तिचा परिणाम जवळपास दिवसभर राहतो आणि किडनी मंद असेल तर गोळी शरीरातून निघायलाही वेळ लागतो. साखर खाऊन आकडा वर आला तरी आत गोळीचं काम चालूच असतं, म्हणून काही तासांनी तो परत खाली येऊ शकतो. झोपताना तपासा आणि पहाटे तीनला गजर लावून पुन्हा तपासा, म्हणाले.

झोपताना 104. त्यावर त्यांनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे कपभर दूध आणि थोडी खिचडी दिली. तीनला 66. आई गाढ झोपेत होती, घाम नाही, थरथर नाही, विचारलं तर म्हणाली काहीच होत नाही. उठवून परत साखरपाणी, पंधरा मिनिटांनी 83, मग केळं आणि दूध. गजर लावला नसता तर ते 66 सकाळपर्यंत आणखी किती खाली गेलं असतं, तो विचार मला अजून करवत नाही.

सकाळी दाखवायला नेलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन मागच्या वेळेपेक्षा वाढलेलं, म्हणजे किडनी आणखी मंदावलेली. ग्लिमेपिराइड निम्म्यावर आणली आणि मेटफॉर्मिनचा डोसही त्यानुसार बदलला. उपवासाच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची का, हे आदल्या दिवशी विचारायचं ठरलं. कार्तिकीला तसं केलं, दिवसभरात 100 च्या खाली आकडा गेला नाही.

पट्टीत आणखी एक ओळ घालायला हवी होती: माणूस बेशुद्ध असेल किंवा नीट गिळत नसेल तर तोंडात साखरपाणी ओतू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन लावा. घाबरलेली माणसं पहिलं पाणीच पाजतात आणि ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मी ती ओळ लाल स्केचपेननं लिहून घेतली आहे. दवाखान्याचा नंबर तळाला मुंगीएवढ्या अक्षरात आहे, तोही वर मोठा लिहिला.

आता झेरॉक्स काढायच्या आधी मूळ कागदावर मी पट्टीनं रेघा मारून दोन रकाने वाढवलेत, ‘वेळ’ आणि ‘गोळी/खाणं’, आणि ‘इतर वेळी’ असा आठवा खाना. रेघा थोड्या वाकड्या आल्यात, पण गेल्या भेटीत डॉक्टरांनी तो कागद पाहून संध्याकाळच्या आकड्यांवरच बोट ठेवलं. पाच-सहाच्या सुमाराचे आकडे बाकीच्यांपेक्षा कमी दिसत होते, म्हणून त्यांनी चारला काहीतरी खायला सांगितलं. मूळच्या सात खान्यांत ही गोष्ट दिसलीच नसती.

माझ्या चुलतबहिणीच्या सुनेला सातवा महिना चालू आहे आणि तिला गरोदरपणातली शुगर निघाली. बहिणीनं तक्त्याची प्रत मागितली. देताना टार्गेटवर पांढरा कागद लावूनच झेरॉक्स काढली, कारण गरोदरपणात उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत असे फार कडक आकडे असतात. आईचे आकडे बघून ती 140 ला निर्धास्त बसली असती. फोनची पट्टीही तिच्या डॉक्टरांकडून नव्यानं भरून घ्यायला सांगितली आहे. रकाने मात्र माझे वाढवलेलेच दिले.