पायाच्या शिरा तपासण्यासाठी छोटा लिनियर प्रोब: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात आमच्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागासाठी टॅबला जोडून चालणारा सोनोग्राफीचा एक छोटा लिनियर प्रोब घेतला. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही, कारण खाली लिहिलेले बहुतेक सारे या दर्जाच्या कोणत्याही प्रोबला लागू पडते. खरेदीमागचा हेतू एकच होता. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे की नाही, म्हणजे डीव्हीटी आहे की नाही, याचा अंदाज रुग्णाच्या खाटेपाशीच घेता यावा. आमच्याकडे रेडिओलॉजिस्ट दिवसा असतात. रक्त गोठू न देणारे हिपारिन सुरू करावे की सकाळपर्यंत थांबावे हा प्रश्न मात्र रात्री दोन वाजताही उभा राहतो.

आधी यंत्राविषयी. हा प्रोब 5 ते 10 मेगाहर्ट्‌झचा असून त्याचा तोंडाकडचा भाग साधारण चार सेंटिमीटर रुंद आहे. जांघेतल्या आणि गुडघ्यामागच्या शिरांसाठी खोली चार सेंटिमीटरच्या आसपास ठेवली की चित्र स्वच्छ येते. स्थूल व्यक्तीच्या मांडीत किंवा पायाला फार सूज असताना तो अपुरा पडतो आणि पोटासाठी वापरतात तो वक्र प्रोब घ्यावा लागतो. त्यात चित्र भरड दिसते, पण शीर दाबली जाते की नाही एवढे कळते. सतत वापरला तर प्रोब तापतो आणि मध्येच चित्र गोठवून बंद पडतो, हा त्याचा सर्वांत त्रासदायक दोष. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा कलर डॉपलर आहे, पण मंद प्रवाह पकडण्यात तो कच्चा आहे. कायद्याचा भागही खरेदीआधीच समजून घ्यावा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली यंत्राची आणि ते वापरणाऱ्या डॉक्टरची नोंद लागते, आणि असा प्रोब नोंदलेल्या जागेबाहेर खिशात घालून फिरता येत नाही. जाहिरातीतला ‘कुठेही न्या’ हा भाग आमच्यासारख्यांनी सोडूनच द्यावा.

मूळ तपासणी दिसायला सोपी आहे. रुग्णाला पाठीवर झोपवून डोक्याकडची बाजू तीसेक अंश उंच करायची, म्हणजे पायाच्या शिरा रक्ताने भरतात. पाय बाहेरच्या बाजूला वळवून गुडघा थोडा वाकवायचा. प्रोब शिरेला आडवा धरायचा, जेणेकरून धमनी आणि शीर ही दोन गोल भोके पडद्यावर शेजारी दिसतील, आणि मग सरळ खाली दाबायचे. शिरेतला दाब अगदी कमी असल्यामुळे निरोगी शीर हलक्या दाबाने मिटते: वरची भिंत खालच्या भिंतीला टेकते, मधला काळा भाग पूर्ण नाहीसा होतो आणि एक पांढरी रेघ उरते. दाब सोडला की ती पुन्हा उघडते. गुठळी असेल तर भिंती एकमेकींना भेटत नाहीत. उभ्या छेदात दाबून निष्कर्ष काढू नये, कारण प्रोब जरासा बाजूला घसरला तरी शीर चित्रातून निघून जाते आणि ती मिटल्यासारखी वाटते.

नव्याने शिकणारे सगळे शिरेच्या आत गुठळी शोधत बसतात. आमच्या रेसिडेंट डॉक्टरांकडून ही सवय सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागला. ताजी गुठळी पुष्कळदा रक्ताइतकीच काळी दिसते. आत काहीही दिसत नाही आणि तरी ती शीर भरलेली असते. याच्या उलट, संथ वाहणारे रक्त धुरकट, घोंगावणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसते आणि गुठळीचा भास होतो, पण दाबले की ती शीर मुकाट्याने मिटते. शिवाय गेन, म्हणजे चित्राचा उजळपणा, वाढवलेला असेल तर रिकाम्या शिरेतही राखाडी कचरा भरतो. म्हणून आत काय दिसते यापेक्षा भिंती टेकतात का, हाच प्रश्न विचारायचा.

आता ‘मिटत नाही’ म्हणजे नेमके काय, ते बारकाईने सांगतो. पुरेसा दाब पडला की नाही हे शेजारची धमनी सांगते. दाब वाढवत नेताना गोल धमनी किंचित चपटी होऊ लागली, आणि तरीही शिरेच्या दोन भिंतींमध्ये पोकळी उरली, तर ती शीर न मिटणारी. धमनी अजून गोल गरगरीतच असेल, तर दाब कमी पडतो आहे आणि निष्कर्ष काढायची घाई करू नये. ताज्या गुठळीची शीर सहसा फुगलेली असते, बऱ्याचदा शेजारच्या धमनीपेक्षा मोठी, आणि दाबाखाली ती रबरी चेंडूसारखी थोडी दबते पण मिटत नाही. हे ‘थोडे दबणे’ फसवे असते. अर्धवट मिटलेली शीर ही मिटलेली नव्हे. जुन्या गुठळीचा चेहरा वेगळा असतो: शीर आक्रसलेली, भिंती जाड आणि खडबडीत, आतला पदार्थ पांढुरका व एका बाजूला चिकटलेला, कधी आत जाळीसारखे पडदे, आणि आजूबाजूला वाट काढलेल्या लहान शिरा. अशी शीरही पूर्ण मिटत नाही, पण तिचा अर्थ आज नव्याने गुठळी झाली असा होत नाही. ज्याला पूर्वी डीव्हीटी होऊन गेला आहे, त्याचे जुने चित्र हाताशी असल्याशिवाय यावर ठाम बोलू नये.

या प्रोबवर पाहिलेले एक उदाहरण सांगतो. पन्नाशीच्या एका बाईंच्या डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले होते आणि त्याच पायाची पोटरी सुजून दुखत होती. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली मोजले तर डावी पोटरी 38 आणि उजवी 34 सेंटिमीटर भरली. नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक, खोल शिरेच्या रेषेत दुखणे आणि बोट रुतणारी सूज असे डीव्हीटीची शक्यता मोजणाऱ्या वेल्स गुणांकनाचे 4 गुण झाले. शस्त्रक्रियेमुळेही सूज येऊ शकते म्हणून 2 वजा केले, तरी 2 उरले आणि 2 म्हणजे डीव्हीटी संभवतो. गुठळीचा माग देणारी डी-डायमर ही रक्तचाचणी मागवण्यात अर्थ नव्हता, कारण शस्त्रक्रियेनंतर डी-डायमर असाही वाढलेलाच असतो.

जांघेत कॉमन फेमोरल शीर आणि तिला वरून येऊन मिळणारी ग्रेट सॅफेनस शीर, दोन्ही छान मिटल्या. तिथून मांडीवरून खाली दर दोनेक सेंटिमीटरवर दाबत गेलो. फेमोरल शीर सगळीकडे मिटली. गुडघ्यामागच्या खळगीत मात्र चित्र बदलले. तिथे पॉप्लिटियल शीर धमनीपेक्षा त्वचेच्या जवळ, म्हणजे पडद्यावर धमनीच्या वर दिसते. धमनी सुमारे 6 मिलिमीटरची होती, शीर 11 मिलिमीटरची, गोल आणि आतून पूर्ण काळी. नुसते पाहून कोणीही तिला निरोगी म्हटले असते. दाबल्यावर ती 8 मिलिमीटरवर आली आणि तिथेच थांबली. खालची धमनी तोवर लंबगोल झाली होती. गेन थोडा वाढवल्यावर आत फिकट राखाडी छटा उमटली आणि कलर लावल्यावर एका कडेला प्रवाहाची बारीक पट्टी दिसली. क्लिप साठवून ठेवली आणि त्यानंतर पुन्हा पुन्हा दाबले नाही, कारण गुठळी दिसली किंवा सिद्ध झाली की तिथे उगाच दाबत राहण्यात शहाणपण नाही. जखमेतून रक्त येत नाही ना, प्लेटलेट आणि क्रिएटिनिन ठीक आहेत ना, हे अस्थिरोगतज्ज्ञांसोबत पाहून रात्रीच लो मॉलिक्युलर वेट हिपारिन सुरू केले. सकाळी रेडिओलॉजिस्टनी केलेल्या पूर्ण डॉपलरमध्ये पॉप्लिटियल आणि तिच्या खालच्या पोटरीतल्या शिरांत ताजी गुठळी असल्याचे आले.

खोट्या धोक्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात, ॲडक्टर कॅनॉलमध्ये, शीर स्नायूंच्या आड खोल जाते आणि नुसत्या वरच्या दाबाने ती निरोगी असूनही मिटत नाही. तिथे मोकळा हात मांडीच्या मागून घालून शिरेला प्रोबकडे ढकलावे. बहुतेक वेळा ती लगेच मिटते. जांघेतली सुजलेली लसीकाग्रंथी हुबेहूब न मिटणाऱ्या शिरेसारखी दिसते, पण प्रोब खाली-वर सरकवला की ती संपते, शीर मात्र पुढे चालू राहते. शिवाय ग्रंथीच्या मध्यभागी बहुधा पांढरा गाभा असतो. गुडघ्यामागे बेकर सिस्ट, म्हणजे सांध्यातल्या द्रवाने भरलेली पिशवी, असेल तर तीही काळी आणि न मिटणारी. तिचे देठ सांध्याकडे जाताना दिसते. काही लोकांत फेमोरल शीर दुहेरी असते, तेव्हा एक मिटली म्हणून समाधान मानू नये. आणि अहवालात ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ असे जुने नाव आले तर ती वरवरची शीर समजून उपचार टाळू नयेत. ती खोल शीरच आहे.

गुडघ्यामागे उलटी फसगतही होते. तिथली शीर इतकी वर असते की जेल लावून प्रोब टेकवला तरी त्याच्या वजनाने ती मिटते आणि सापडतच नाही. हात हलका करून आधी धमनी शोधावी; शीर तिच्या डोक्यावरच असते. झोपलेल्या रुग्णात नाहीच जमले तर, शक्य असल्यास, त्याला बसवून पाय लोंबकळत ठेवून पाहावे.

या पद्धतीने काय चुकते, तेही खरेदी करणाऱ्याला ठाऊक असावे. फक्त जांघ आणि गुडघा अशा दोन ठिकाणी दाबणारी झटपट तपासणी मधल्या फेमोरल शिरेतली गुठळी सोडून देते, म्हणून आम्ही पूर्ण मांडी पाहतो. 2018 मध्ये अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंड या संस्थेच्या तज्ज्ञांनीही मांडीपासून घोट्यापर्यंत पूर्ण तपासणीच सुचवली आहे. पोटरीतल्या बारीक शिरांसाठी हा प्रोब आणि आमचा हात, दोन्ही भरवशाचे नाहीत. म्हणून संशय असूनही रात्रीची तपासणी स्वच्छ आली आणि पूर्ण डॉपलर लगेच मिळणार नसेल, तर पाच ते सात दिवसांनी ती पुन्हा केली जाते. आणि ओटीपोटातल्या इलियाक शिरा दाबताच येत नाहीत. गरोदर स्त्रीचा डावा पाय मांडीपासून सुजला असेल आणि खालच्या सगळ्या शिरा मिटत असतील, तर तपासणी ‘नॉर्मल’ म्हणून लिहू नये. अशा वेळी जांघेतल्या शिरेच्या डॉपलर लहरी श्वासाबरोबर बदलतात की सपाट, एकसुरी येतात हे पाहावे लागते, आणि ते आमच्या या प्रोबच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्या रुग्णाला मोठ्या यंत्राकडेच पाठवतो.