नखांचा फोटो: मोजमापाला चांगला, रंगाला बेभरवशाचा (काही महिन्यांच्या वापरानंतर)

दर महिन्याला हाताचा फोटो काढून नखं तपासायची ही पद्धत आता बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे फोन कसा धरायचा वगैरे प्राथमिक गोष्टी सांगत बसत नाही. हे लिहायला कारण घडलं ते फोनच्या कॅमेऱ्याचं अपडेट. त्यानंतर त्याच खिडकीत, त्याच वेळी काढलेल्या फोटोत सगळी नखं एकाएकी फिकट दिसायला लागली. रक्त तेच, फोन बदलला नव्हता, फक्त फोटोवर आतल्या आत होणारी रंगसफाई बदलली होती. या पद्धतीतली सगळ्यात मोठी खोट हीच आहे.

आधी रंगाबद्दलच बोलू, कारण लोक हा फोटो मुख्यतः रक्त कमी आहे का हे पाहायला काढतात. कल्पना चुकीची नाही. नखाखालच्या मांसात रंगद्रव्य फार कमी असतं, त्यामुळे गोरा असो वा सावळा, तिथे रक्ताचा गुलाबीपणा बराच सरळ दिसतो. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठाच्या गटाने २०१८ साली नखांच्या फोटोवरून हिमोग्लोबिन काढण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अंदाजाची अचूकता साधारण अधिक-उणे २.४ ग्रॅम होती. हा आकडा नीट पाहा. फोटोने ११.४ दाखवलं, तर खरं हिमोग्लोबिन ९ असू शकतं आणि १३.८ सुद्धा. गरोदर नसलेल्या बाईसाठी १२ ही सीमा धरतात. म्हणजे ९ असेल तर लगेच उपचार हवेत, १३.८ असेल तर काहीच करायचं नाही, आणि फोटो या दोन्हींना एकच उत्तर देतो. त्याच माणसाच्या रक्ततपासणीशी मेळ घालून घेतल्यावर ही चूक ०.९२ पर्यंत खाली आली. पण मेळ घालायचा तर आधी रक्त तपासायलाच हवं! म्हणून फोटोवरून हिमोग्लोबिन सांगणाऱ्या ॲपची वर्गणी भरण्यात मला काही अर्थ दिसत नाही. ते पैसे सीबीसी या रक्ततपासणीला द्या. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन बघायला तेही लागत नाहीत.

शिवाय रंग बिघडवायला फोनच लागतो असं नाही, हातही पुरतो. बोटं टेबलावर दाबून ठेवली की नखाचा पुढचा अर्धा भाग पांढरा पडतो आणि मुळाशी गुलाबी राहतो. बोटं ताठ ताणली तरी तेच होतं. एसीत बसून हात गार पडले असतील किंवा हात डोक्याच्या वर धरला असेल, तर नखं फिकी दिसतात. हात खाली लोंबता ठेवला तर लालसर दिसतात. म्हणून हात छातीच्या पातळीवर, बोटं सैल, खाली मऊ दुमडलेला टॉवेल, आणि आधी पाच-दहा मिनिटं हात उबेत. शेजारी कोरा कागद ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण छपाईच्या कागदात चकाकी आणणारं द्रव्य असतं आणि उन्हाच्या उजेडात तो निळसर दिसतो. फोटोवाल्यांचं करडं कार्ड त्याहून बरं. एवढं करूनही महिन्यामहिन्याची तुलना जेमतेम जमते. आकडा कधीच काढू नये.

मेंदी आणि हळद हा आपल्याकडचा वेगळा गोंधळ. ओली हळद चिरल्यावर नख पिवळं होतं, मेंदीचा केशरी रंग नखावर महिनोन्महिने टिकतो. असा बाहेरून लागलेला रंग ओळखायची सोपी खूण आहे: नख वाढतं तशी मुळाशी स्वच्छ पट्टी दिसू लागते आणि रंगाची कड क्यूटिकलच्या, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या कडेच्या, वळणाला समांतर असते. अशी कड दिसली की काविळीची शंका नखावरून घेऊ नका. कावीळ डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पाहायची असते.

आता खाचा आणि रेषा. इथे फोटो खरंच उपयोगी पडतो, फक्त उजेड वेगळा लागतो. रंगासाठी पसरलेला, सावलीतला उजेड हवा. रेषांसाठी एका बाजूने, जवळजवळ नखाला घासून जाणारा. समोरून फ्लॅश मारला की सगळ्या खाचा सपाट होतात. त्यामुळे दोन फोटो वेगळे काढायचे. फोन हातभर लांब धरून दुप्पट झूम करायचा, म्हणजे बोटं वाकडी येत नाहीत. कंपासपेटीतली पट्टी नखाच्याच उंचीवर ठेवायची. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवायचा नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा, नाहीतर बारीक रेषा पुसल्या जातात.

उभ्या रेषा वयाबरोबर येतात, त्यांच्यावर वेळ घालवू नका. पांढरे ठिपके बहुतेक वेळा मुळाशी लागलेल्या बारीक माराचे असतात, कॅल्शियम कमी असल्याचे नव्हेत. महत्त्वाची असते ती आडवी खाच. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. समजा डिसेंबरच्या सुरुवातीच्या फोटोत खाच क्यूटिकलपासून सहा मिलिमीटरवर आहे. ते अंतर दोन महिन्यांचं झालं. नख तयार होतं ते कातडीच्या आत, त्यामुळे खाच बाहेर दिसायलाच आणखी काही आठवडे लागतात. ढोबळ एक महिना धरा. हिशेब ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला जातो. त्या सुमाराला डेंग्यू किंवा मोठा ताप येऊन गेला असेल आणि बऱ्याच बोटांवर खाच त्याच अंतरावर असेल, तर कोडं सुटलं. महिन्याने पुन्हा मोजा. ती नऊच्या आसपास सरकलेली दिसली की नख पुन्हा नीट वाढतंय. खाच एकाच बोटावर असेल, तर त्या बोटाला काय लागलं ते आठवा. अंगठ्याच्या मधोमध पायऱ्यांसारख्या एकाखाली एक खाचा असतील, तर तो बहुधा क्यूटिकल खरवडण्याच्या सवयीचा परिणाम असतो. मात्र खाच घटना कधी घडली ते सांगते, कोणती घडली ते सांगत नाही. तापाने, शस्त्रक्रियेने, केमोथेरपीने पडलेली खाच सारखीच दिसते.

आकाराबद्दल सुरुवातीला माझं मत वाईट होतं, कारण वरून काढलेल्या फोटोत नख फुगीर आहे की नाही हे कळतच नाही. बाजूने फोटो काढायला लागल्यावर मत बदललं. तर्जनी आडवी, कॅमेरा बोटाच्याच पातळीवर. मग दोन जाड्या मोजायच्या: एक क्यूटिकलपाशी, दुसरी शेवटच्या सांध्यापाशी. साधारणपणे सांध्यापाशी बोट जाड असतं. क्यूटिकलपाशी ते जास्त भरलं तर क्लबिंगची, म्हणजे बोटाचं टोक आणि नख फुगीर होण्याची, शंका घ्यायची. हे गुणोत्तर असल्यामुळे पट्टी लागत नाही आणि रंगसफाईनेही ते बिघडत नाही. दुसरी पडताळणी फोटोविनाच होते: दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून टेकवा, मुळाशी एरवी दिसणारी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची फट क्लबिंगमध्ये नाहीशी होते. फट बुजलेली आढळली तर छातीच्या डॉक्टरांकडे जावं. फुप्फुसाचे आणि हृदयाचे आजार ते तपासतील, आणि काही घराण्यांत अशी बोटं जन्मजात असतात हेही तेच ठरवतील.

काळ्या उभ्या पट्टीचा फोटो मात्र न चुकता काढा. सावळ्या माणसांत अनेक नखांवर अशा पट्ट्या असणं सामान्य आहे. एकाच नखावर नवी पट्टी आली, ती महिन्यामहिन्याला रुंदावत गेली, किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर उतरला, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला दिरंगाई नको. फोटोवरून मेलानोमा हा त्वचेचा कर्करोग ठरत नाही. ते भिंगाखाली पाहून आणि गरज पडल्यास तुकडा काढून ठरतं. पण पट्टी आधी दोन मिलिमीटर होती आणि आता चार आहे, हे तारखेसह दाखवता आलं तर डॉक्टरांना त्याचा खरा उपयोग होतो. त्यासाठी जुने फोटो खोडू नका, फाइलच्या नावात तारीख, हात आणि बोट लिहा, आणि पट्टीची मोजणी दर वेळी क्यूटिकलपाशीच करा, कारण टोकाला दिसते ती कित्येक महिन्यांपूर्वीची रुंदी असते.